फुगलेली बॅटरी काढायला ९९ टक्के आयपीए: उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

मराठवाड्यात मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर फुगलेली बॅटरी काढायची जुनी रीत म्हणजे मागून ब्लोअर मारायचा, बॅटरीखालचा टेप नरम झाला की ओपनर घालून उपसायची. साध्या, न फुगलेल्या बॅटरीला ही रीत बऱ्याचदा निभावून नेते, फुगलेलीला नाही. म्हणून ब्लोअर बाजूला ठेवून आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोथट सुईची सिरिंज, प्लास्टिकची कार्डं आणि गरम पाण्याची रबरी पिशवी एवढ्यावरच हे काम करायचं असा प्रयोग आहे. काही महिने वापरल्यानंतरचं मत आधीच सांगतो: पद्धत चांगली आहे, पण ती वेळ मागते. शिवाय एलसीडी असलेल्या फोनमध्ये तिचा एक ठरलेला धोका आहे.

आधी बाटलीबद्दल. ९९ टक्क्यांचंच आयपीए घ्यावं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला भाग पाण्याचा असतो, आणि ते पाणी बोर्डाच्या कनेक्टरखाली बसून राहतं. सॅनिटायझरमध्ये तर ग्लिसरीनही असतं, ते अजिबात नको. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने टेप लवकर सुटतो हे खरं, पण त्यांनी प्लास्टिकची बॉडीही विरघळते. झाकण प्रत्येक वेळी घट्ट लावावं, नाहीतर आयपीए हवेतली आर्द्रता ओढतं आणि पावसाळा संपेपर्यंत ९९ चं ९९ राहत नाही. पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात बाटली वरच्या फळीवर ठेवू नये, खाली सावलीत ठेवावी.

आयपीए टेप पूर्ण विरघळवत नाही. ते टेपच्या कडेने फटीत आपोआप ओढलं जातं, ॲक्रिलिक गोंद फुगवतं आणि फ्रेमवरची पकड ढिली करतं. याला दोन ते तीन मिनिटं लागतात. लगेच कार्ड घातलं तर गोंद अजून तसाच असतो, आणि मग जोर लावावा लागतो. बॅटरीच्या फुगलेल्या पाऊचवर, म्हणजे तिच्या मऊ बाहेरच्या पिशवीवर, जोर पडला की ते वाकतं, आतले थर एकमेकांना टेकतात आणि शॉर्ट होतो. आतला वायू इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून तयार झालेला असतो आणि त्याचा काही भाग ज्वलनशील असतो. त्यामुळे सुईने टोचून हवा काढण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे फोन देऊ नये.

आता एक नमुन्याचं काम. ५००० एमएएच बॅटरीचा, प्लास्टिक बॅकचा एलसीडी फोन. बॅटरी मधोमध ८ मिलिमीटरपर्यंत आलेली आणि बॅक एका बाजूने उचललेली. फोन चालू असेल तर पहिलं काम चार्ज उतरवण्याचं. पूर्ण भरलेल्या अशा बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा असते, १० टक्क्यांवर जेमतेम दोन. काही बिघडलंच तर फरक एवढा मोठा पडतो. स्क्रीन चालू ठेवून उतरू द्यावी, पण गेम किंवा व्हिडिओ लावून तापवू नये, आणि त्या वेळात फोन उघड्या फरशीवर नजरेसमोर असावा. चार्जर तर लावायचाच नाही. फोन मेलेला असेल तर बॅटरी भरलेली आहे असं धरूनच काम करावं, बॅक उघडल्यावर कनेक्टरवर मीटर लावून व्होल्टेज पाहावं.

उघडण्याआधी फोन नाकाजवळ न आणता, थोडा दूर धरून एकदा वास घ्यावा. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर पाऊच फुटलेलं आहे आणि इलेक्ट्रोलाइट बाहेर येतंय. तसं असेल तर काम तिथंच थांबवून फोन बाहेर मोकळ्यावर न्यावा. ही तपासणी आधीच करायची, कारण आयपीए ओतल्यावर त्याच्या वासात दुसरा कुठलाच वास कळत नाही. या पद्धतीतली ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. शेवटी आयपीए उडून गेल्यावरही गोड वास टिकून राहिला तर गळती कामाच्या दरम्यान झाली असं समजावं.

उष्णता फक्त बॅक उघडण्यापुरती. पिशवीत साधारण ६० अंशांचं पाणी भरून ती कडेवर चार-पाच मिनिटं टेकवायची. बॅटरीच्या फुगवट्यावर ठेवायची नाही आणि वरून वजन द्यायचं नाही. लिथियम सेलच्या आतला संरक्षक थर ८०–९० अंशांच्या आसपास विघटित व्हायला लागतो, म्हणून ६० च्या वर जाण्यात काहीच फायदा नाही. ब्लोअरचा आकडा हवेचा असतो, बॅटरीचा नाही, तिथंच फसगत होते. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर चकचकीत धातूवर त्याचं वाचन चुकतं. उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. एप्रिल-मेमध्ये लातूर-नांदेडला फोन आधीच चाळिशीच्या वर असतो आणि फुगवट्याने बॅक अर्धी सुटलेली असते, तेव्हा पिशवीची गरजच पडत नाही. परभणीच्या डिसेंबरातल्या सकाळी मात्र तोच गोंद खडखडीत असतो आणि पिशवी दोनदा भरावी लागते.

बॅक निघाली की पिशवी उचलून ठेवायची आणि फोन हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. यापुढे आयपीएचं काम, आणि उष्णता नि आयपीए एकत्र कधीच नाही. आयपीएचा ज्वलनांक १२ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे वर्षातला जवळजवळ प्रत्येक दिवस त्याच्या वाफेला पेट घेण्याजोगा. सोल्डरिंग बंद, ब्लोअर बंद. आणि हो, दुकान उघडताना लावलेली उदबत्ती आणि दिवासुद्धा विझवलेला असावा, तो टेबलाशेजारच्याच देवळीत असतो. पंखा वाफ बाहेर ढकलेल असा ठेवावा. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घालावा, खाली फरशीचा तुकडा, शेजारी वाळूचं लोखंडी घमेलं आणि पाण्याची बादली.

बॅटरीचा कनेक्टर आधी काढून त्यावर कॅप्टॉन टेप लावायचा. बॅटरीवरून जाणारी चार्जिंग बोर्डाची पट्टी आणि बाजूची अँटेना वायर सोडवून बाजूला करायची. मग फ्रेममधली ती खाच शोधायची जिथून डिस्प्लेची पट्टी पलीकडे जाते. या फोनमध्ये ती खाली, चार्जिंग बोर्डाच्या जवळ होती. त्या खाचेवर कॅप्टॉन टेप चिकटवला आणि फोनचा खालचा भाग पुस्तक ठेवून थोडा उंच केला, म्हणजे आयपीए खाचेपासून दूर, वरच्या बाजूला उतरतं. आयपीए खाचेतून बॅकलाइटच्या थरांत गेलं तर स्क्रीनच्या कडेला ढगासारखा पांढरट डाग दिसतो. कधी तो एका दिवसात सुकून जातो, कधी कायमचा राहतो आणि फोल्डर, म्हणजे अख्खा डिस्प्लेच, बदलावा लागतो. ओएलईडीला बॅकलाइट नसल्यामुळे तिथं हा डाग पडत नाही, तरी कडेने जपावंच.

सिरिंजने एका लांब कडेला अर्धा मिलि, दुसऱ्या लांब कडेला अर्धा. तीन मिनिटं हात लावायचा नाही. मग एटीएम कार्डाची तीन सेंटिमीटर रुंद, कोपरे गोल केलेली पट्टी फ्रेमला चिकटून, सपाट आत सरकवायची. टोक वर उचललं तर ते थेट पाऊचमध्ये घुसतं. कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं, पहिल्या फटीला ते जाड वाटलं तर फाइलच्या कव्हरची पातळ पट्टी आधी घालावी. सुरुवात कनेक्टरची पट्टी जिथून निघते त्या टोकाकडून करू नये, कारण तिथं दुमडलेलं संरक्षण सर्किट आणि सेलचे टॅब असतात. लोखंडी ओपनर, ब्लेड, स्टीलची तार यांना इथं जागाच नाही.

फुगलेल्या बॅटरीच्या कडा आधीच थोड्या सुटलेल्या असतात, त्यामुळे पहिले दोन सेंटिमीटर फार सोपे वाटतात. तेवढ्यावर भुलून पट्टी उचकटली की मधला, पक्का चिकटलेला टेप बॅटरीला वाकवतो. ओळखायची खूण साधी आहे: पट्टी पुढे जाताना टेप चरचर सुटतोय आणि बॅटरी सरळ आहे, तर चालू ठेवा. बॅटरी कमानीसारखी उचलू लागली, तर पट्टी तिथंच राहू द्या, आणखी अर्धा मिलि सोडा आणि पुन्हा तीन मिनिटं थांबा. या फोनला एकूण साडेतीन मिलि लागलं आणि आयपीए टाकल्यापासून बॅटरी मोकळी होईपर्यंत पाऊण तासाच्या आत काम झालं. पाच मिलिपेक्षा जास्त लागतंय असं वाटलं तर बहुधा आधीच्या मेकॅनिकने टेपऐवजी बी-७००० हा गोंद लावलेला असतो. तो आयपीएला फार सावकाश दाद देतो. तिथं घाई करून ब्लोअर उचलण्याचा मोह होतो, पण फोन तेव्हा आयपीएने भिजलेला असतो. अशा फोनला अर्धा दिवस द्यावा किंवा काम नाकारावं.

मध्येच सूं असा आवाज, धूर किंवा हाताला जाणवणारी गरमी आली तर बॅटरी वाचवायची नाही, फोनही नाही. लांब सांडशीने उचलून बाहेर ठेवायचं आणि धुरात तोंड घालायचं नाही, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतं. वाळू ठिणग्या अडवते, पण सेल थंड करत नाही. थंड करायला भरपूर पाणीच लागतं. लिथियमवर पाणी टाकू नये हे शुद्ध लिथियम धातूसाठी खरं आहे, मोबाइलच्या सेलसाठी नाही.

निघालेली बॅटरी टेप लावलेल्या कनेक्टरसह वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट न बसवता, सावलीत घराबाहेर ठेवावी. घंटागाडीत टाकू नये, तिथं ती कचऱ्याबरोबर दाबली जाते. कुरिअरने पाठवू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला द्यावी.

फ्रेमवर उरलेला गोंद आयपीएने ओल्या केलेल्या कापडाने बोटाने गोळा होतो. नंतर वीस मिनिटं फोन उघडाच ठेवावा आणि तोवर नवी बॅटरी जोडू नये. नव्या बॅटरीवर बीआयएसची खूण आणि आयएस १६०४६ पाहून घ्यावं. ती पूर्ण पृष्ठभागाला डबल टेप मारून चिकटवू नये. ओढायची जीभ असलेला टेप मिळाला तर उत्तम, नाहीतर दोन अरुंद पट्ट्या लांब कडांना समांतर पुरतात, आणि पुढच्या वेळी आयपीए दोन्हीपर्यंत लगेच पोचतं.