काना दोनदा उमटणारा मेकॅनिकल कीबोर्ड: आठ महिन्यांचा वापर आणि दुकानदाराला दिलेलं तक्रारपत्र

5 डिसेंबर 2024 ला सांगलीतल्या एका दुकानातून 87 बटणांचा वायरवाला मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. किंमत 3,450 रुपये, स्विच ब्राउन जातीचे आणि बोर्डाला डाक लावून बसवलेले, म्हणजे चिमट्याने काढून बदलता न येणारे. वॉरंटी एक वर्ष. काम इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीतल्या मराठी टायपिंगचं: पत्रिका, अहवाल, दस्त. बटणांचा स्पर्श चांगला आहे, दाब हलका आहे, आवाज माफक आहे आणि अक्षरांची छपाई आठ महिन्यांत पुसलेली नाही. तेवढं कौतुक पुरे, कारण खरं लिहायचं आहे ते एका बटणाबद्दल.

महिना पुरा होता होता इंग्रजी E चं बटण एकदा दाबलं की कधीकधी दोनदा उमटू लागलं. इनस्क्रिप्टमध्ये हे बटण म्हणजे काना. मराठीत कान्याला कान्याचा शेजार कधीच नसतो, त्यामुळे दुसरा काना आला की त्याला टेकायला व्यंजन मिळत नाही आणि बहुतेक फॉन्ट तिथे ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतात. ‘सातारा’ लिहायला जावं तर ‘सा◌ातारा’ असं काहीतरी दिसतं. इंग्रजीत टाइप करणाऱ्याला हाच दोष उशिरा कळतो, कारण तिथे see, need असे जोड-E रोजचे आहेत आणि एखादा जास्तीचा E नजरेतून सुटतो. मराठीत तो सुटत नाही. म्हणूनच या बटणाचा दोष मोजून सिद्ध करणं सोपं गेलं, आणि तक्रार टिकली ती त्या मोजणीमुळे.

आधी दोष कुठे आहे ते पाहू. मेकॅनिकल स्विचमध्ये धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. बटण दाबलं की त्या एकमेकींना टेकतात, सोडलं की सुटतात. टेकताना आणि सुटताना त्या क्षणभर थरथरतात. हे प्रत्येक स्विचमध्ये होतं, नव्यातसुद्धा. त्यासाठी कीबोर्डच्या आतली चिप पहिल्या स्पर्शानंतर काही मिलिसेकंद (साधारण पाच किंवा त्याच्या आसपास) थरथर दुर्लक्षित करते. पट्टीचा ताण कमी असेल, टेकण्याच्या जागी कण अडकला असेल किंवा तिथे काळसर थर धरला असेल, तर थरथर त्या मुदतीपेक्षा जास्त चालते आणि चिपला ती दुसरी दाबणी वाटते. एका महिन्यात चांगला स्विच झिजत नाही. एवढ्या लवकर आलेला दोष बहुतेक वेळा मुळातच पट्टी किंवा स्पर्शबिंदू सदोष असल्याचा असतो.

दुकानात गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “बटण जास्त वेळ दाबून धरत असाल, सेटिंग बघा.” त्याचं उत्तर अगोदर तयार हवं. बटण दाबून धरल्यावर येणारी पुनरावृत्ती आणि स्विचची थरथर हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि लिनक्सवर ते स्वच्छ वेगळे दिसतात:

```
sudo apt install evtest
sudo evtest
```

यादीतून आपल्या कीबोर्डचा क्रमांक निवडायचा आणि बटण एकेकदा दाबत राहायचं. ओळीच्या शेवटी 1 म्हणजे दाबलं, 0 म्हणजे सोडलं, 2 म्हणजे दाबून धरल्यामुळे आलेली पुनरावृत्ती. 9 जानेवारीला एकाच दाबणीत असं दिसलं:

```
Event: time 1736412301.204118, type 1 (EV_KEY), code 18 (KEY_E), value 1
Event: time 1736412301.287093, type 1 (EV_KEY), code 18 (KEY_E), value 0
Event: time 1736412301.301107, type 1 (EV_KEY), code 18 (KEY_E), value 1
Event: time 1736412301.309101, type 1 (EV_KEY), code 18 (KEY_E), value 0
```

बटण 83 मिलिसेकंद दाबलेलं होतं, मग सुटलं, आणि सुटल्यावर 14 मिलिसेकंदांत पुन्हा ‘दाबलं’ गेलं, तेही फक्त 8 मिलिसेकंदांसाठी. मुद्दाम शक्य तितक्या भरभर दोनदा दाबून पाहिलं, तेव्हा सुटणं आणि पुन्हा दाबणं यातलं अंतर 50 मिलिसेकंदांच्या खाली गेलं नाही. शिवाय इथे 2 कुठेच नाही. म्हणजे सेटिंगचा प्रश्न मिटला.

विंडोज वापरणाऱ्यांना एवढंही नको. मोजणी साध्या फाइलमध्ये होते. ‘सातारा, तासगाव, विटा, शिराळा’ ही ओळ हाताने 50 वेळा टाइप करायची, कॉपी-पेस्ट करायची नाही. एका ओळीत काना आठ वेळा येतो, म्हणजे 400 दाबण्या. त्याच ओळींत ‘त’ 100 वेळा आणि ‘र’ 100 वेळा येतो, तेव्हा तुलनेला दुसरी बटणंही आपोआप तपासली जातात. मग शोधपट्टीत दोन काने टाकून किती ठिकाणी सापडतात ते बघायचं. लिनक्सवर:

```
grep -o 'ाा' chachani.txt | wc -l
```

इथे 23 आले. ‘त’ आणि ‘र’ एकदाही दुहेरी आले नाहीत. तीच ओळ दुसऱ्या यूएसबी पोर्टवर, दुसऱ्या लॅपटॉपवर, आणि मग पहिल्याच संगणकावर जुन्या कीबोर्डने टाइप केली. दोष कीबोर्डबरोबर गेला, जुन्या कीबोर्डवर शून्य आला. शेवटी डिसेंबरच्या फाइल्समध्ये दोन काने शोधले: एकही नाही. जानेवारीच्या 4 तारखेपासूनच्या फाइल्समध्ये ते सापडू लागले. दोष कधी सुरू झाला याची तारीख अशी जुन्या कामातूनच मिळते, फक्त तपासून दुरुस्त केलेल्या अंतिम प्रती न घेता कच्च्या प्रती बघायच्या.

या टप्प्यावर दोन गोष्टी टाळल्याच पाहिजेत. एक, कीबोर्ड उघडू नका आणि बिजागरीला मारतात तो स्प्रे आत मारू नका. स्क्रूवरचं सील फाटलं की वादाचा विषय दोष न राहता सील होतो. दोन, ‘फिल्टर कीज लावा’ हा सल्ला उपाय म्हणून मान्य करू नका. विंडोजच्या त्या सेटिंगमध्ये एकच बटण पुन्हा स्वीकारण्याआधीचा थांबा कमीत कमी अर्ध्या सेकंदाचा आहे. काना सुधारेल, पण ‘ममता’तला दुसरा म आणि ‘ननंद’मधला दुसरा न गिळला जाईल. सदोष स्विच झाकण्यासाठी बाकीची 86 बटणं मंद करायची, हा सौदा ग्राहकाने का करावा?

तोंडी तक्रारीला “कंपनीला कळवतो” एवढंच उत्तर मिळालं, म्हणून 10 जानेवारीला लेखी दिलं. पत्र एका पानाचंच ठेवलं. दुकानाचं आणि देणाऱ्याचं नाव-पत्ता वगळून ते असं:

माननीय व्यवस्थापक,
सप्रेम नमस्कार.
विषय: 5 डिसेंबर 2024 रोजी खरेदी केलेला सदोष कीबोर्ड बदलून मिळणेबाबत.

आपल्या दुकानातून वरील तारखेस 3,450 रुपयांस मेकॅनिकल कीबोर्ड खरेदी केला. बिलाची प्रत व खोक्यावरील अनुक्रमांकाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

दिनांक 4 जानेवारी 2025 पासून E हे बटण एकदा दाबले असता काही वेळा दोनदा उमटते. 9 जानेवारीस केलेल्या चाचणीत 400 दाबण्यांपैकी 23 वेळा असे झाले. याच चाचणीत इतर बटणांत दोष आढळला नाही. दोन संगणकांवर व दोन पोर्टवर दोष तोच राहिला. दुसरा कीबोर्ड त्याच संगणकावर निर्दोष चालला. चाचणीची फाइल व चित्रफीत पेनड्राइव्हमध्ये देत आहे.

कीबोर्ड उघडलेला नाही, त्यावर द्रव सांडलेला नाही व सील शाबूत आहे. वॉरंटी 4 डिसेंबर 2025 पर्यंत आहे.

तरी हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत कीबोर्ड बदलून द्यावा, ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. नकार असल्यास कारणासह लेखी कळवावे.

कळावे,
आपला ग्राहक

दोन प्रती नेल्या. एक त्यांना दिली, दुसरीवर ‘मिळाली’ असा शिक्का, सही आणि तारीख घेतली. ती सही हाच पुढच्या सगळ्याचा पाया आहे. पत्रात ‘कीबोर्ड खराब आहे’ असं लिहिलं असतं तर त्याला ‘आमच्याकडे तर नीट चालतो’ हे उत्तर पुरलं असतं, कारण हा दोष शंभर दाबण्यांत पाच-सहा वेळाच दिसतो आणि काउंटरवर दहा वेळा दाबून बघणाऱ्याला तो बहुधा दिसणारही नाही. 400 पैकी 23 असं लिहिलं की त्यालाही तेवढ्या दाबण्या कराव्या लागतात.

आणखी एक बाब, विशेषतः डीटीपी आणि टायपिंगचं काम करणाऱ्यांसाठी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही. मात्र स्वयंरोजगारातून फक्त स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरली असेल, तर तो हेतू व्यापारी मानत नाहीत. कीबोर्ड आपलं पोट भरण्याचं साधन असेल तर हा अपवाद ध्यानात ठेवा आणि बिल शक्यतो स्वतःच्या नावावर घ्या.

लेखी देऊनही हललं नसतं तर पुढची पायरी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामील करता येतं, त्यामुळे “कंपनीशी बोला, आमचा संबंध नाही” हे ऐकून परत फिरायचं कारण नाही.

तिथपर्यंत जावं लागलं नाही. दुकानात पेनड्राइव्हमधली चित्रफीत पाहिली गेली, त्यांच्याच माणसाने तीच ओळ टाइप केली आणि तिसऱ्याच ओळीत ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. बाराव्या दिवशी त्याच मॉडेलचा नवा कीबोर्ड मिळाला. नवा अनुक्रमांक मूळ बिलावर लिहून त्यावर सही घेतली, नाहीतर पुढे बिल एका कीबोर्डचं आणि हातात दुसराच, असं होतं.

बदली कीबोर्डला आता सात महिने झाले. दर महिन्याला त्याच 50 ओळी टाइप होतात, दुहेरी काने शून्य. बाकीचा कीबोर्ड किमतीला साजेसा आहे, पण स्विच डाक लावलेले असल्यामुळे वॉरंटीनंतर एक बटण बिघडलं तरी डाक काढून नवा स्विच बसवावा लागेल. रोज मराठी टाइप करणाऱ्याने थोडे पैसे जास्त घालून काढता येणाऱ्या स्विचचा कीबोर्ड घ्यावा, असं आता ठाम मत झालं आहे. बदलून दिलेल्या कीबोर्डची वॉरंटी दुकानाने मूळ तारखेपासूनच धरली आहे, म्हणजे ती 4 डिसेंबर 2025 ला संपेल. नोव्हेंबरच्या शेवटी त्या 50 ओळी पुन्हा टाइप करायच्या आहेत, त्या वेळी 87 पैकी प्रत्येक बटण बघून.