तीन आकडे छापावेत की रस्ता मोजावा?

समजा, बेलापूरच्या सिडको भवनासमोर मोर्चा आहे. आयोजक म्हणतात एक लाख, पोलीस पाच हजार, स्वतंत्र निरीक्षक पंधरा हजार. बातमीत काय लिहायचं?

पहिला मार्ग म्हणजे तिन्ही आकडे ज्याच्या त्याच्या नावानं द्यायचे. डेडलाइन डोक्यावर असताना हेच जमतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण वाचकाला त्यातून गर्दी कळत नाही, फक्त वाद कळतो. सरासरी काढणं तर त्याहून वाईट. फुगवलेला आकडा त्यात तसाच मुरतो.

दुसरा मार्ग पत्रकारितेचे अमेरिकी प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांच्या पद्धतीचा: क्षेत्रफळ गुणिले दाटी. रस्ता २० मीटर रुंद आणि गर्दी ४०० मीटरपर्यंत, म्हणजे ८,००० चौरस मीटर. व्यासपीठाजवळच्या १०० मीटरमध्ये खांद्याला खांदा, चौरस मीटरला चार माणसं: ८,०००. मागच्या ३०० मीटरमध्ये सैल गर्दी, चौरस मीटरला एक: ६,०००. एकूण १४,०००. एक लाखासाठी चौरस मीटरला साडेबारा माणसं लागतील, आणि तेवढी तिथं उभीच राहू शकत नाहीत. दुभाजक, उभ्या बस आणि बॅरिकेडची जागा वजा करायला मात्र विसरू नये.

ही मोजणी एका क्षणाची असते. लोक दिवसभर येत-जात असतील तर एकूण संख्या जास्त निघेल, म्हणून वेळ लिहावीच. पोलिसांनाही ‘किती वाजता मोजले?’ हे विचारावं.

मी दुसरा मार्ग घेईन: ‘दुपारी तीन वाजता सुमारे १२ ते १६ हजार’, आणि खाली तिन्ही दावे.