पुस्तकांचं गिफ्ट कार्ड: काही महिने वापरल्यानंतर, मुख्यतः उरलेल्या शिल्लकीबद्दल

सणाच्या ऑफरमध्ये एका पुस्तकांच्या दुकानाची गिफ्ट कार्डं घेतली होती, नात्यातल्या मंडळींना द्यायला. ऑफर बहुतेकांना माहीत असेलच: ठरावीक रकमेचं कार्ड घेतलं की सोबत छोटं बोनस कार्ड, आणि पोस्टरवर मोठ्या अक्षरात की शोभेच्या वस्तू देण्यापेक्षा पुस्तक द्या. कल्पना मला मनापासून आवडली. अभिप्राय मात्र आत्ता लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात भाचीचा थेट काउंटरवरून फोन आला, "मावशी, दोन्ही कार्डं एकाच बिलात चालत नाहीत म्हणतायत. काय करू?"

काय झालं ते सोप्या आकड्यांत सांगते. मुख्य कार्डाची रक्कम १०० धरा. पहिल्या खेपेला तिने ८२ चं पुस्तक घेतलं, कार्डावर १८ उरले. सोबतचं बोनस कार्ड २० चं, पण ते किमान ६० च्या बिलावरच चालतं. आता तिला ६५ चं पुस्तक हवं होतं. १८ आणि २० दोन्ही वळते झाले असते तर खिशातून २७ गेले असते. पण बोनस कार्ड दुसऱ्या कुठल्याही कार्डाबरोबर चालत नाही. म्हणजे बोनस लावलं तर रोख ४५ भरा, आणि ते १८ तसेच पडून राहणार. ते वापरायला पुन्हा यायचं, पुन्हा पदरचे घालायचे. भेट मिळालेल्या मुलीने भेट संपवण्यासाठी स्वतःचे पैसे घालत राहायचं, हे मला पटत नाही.

कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, अटींमध्ये दिलेलं आहे," एवढंच उत्तर. अटी वाचल्या. आहे खरं, पण वेबसाइटच्या पानावर. कार्डाच्या पाठीवर नंबर, खरवडायची पट्टी, पिन आणि मुदतीची तारीख आहे. एका बिलात दोन कार्डं चालणार नाहीत हे तिथे कुठेच नाही. ज्याच्या हातात पाकीट पडतं तो माणूस वेबसाइटवर अटी शोधायला जात नाही. जे काउंटरवर अडणार आहे ते कार्डावर छापलेलं हवं.

बोनसवर अटी असाव्यात, याला माझी हरकत नाही. ती रक्कम कोणी भरलेली नसते. सणानंतरच्या मंदीत गिऱ्हाईक पुन्हा यावं म्हणूनच दुकान ती देतं, म्हणून तिची मुदतही कमी असते. आमच्या बोनसची मुदत मुख्य कार्डाच्या मुदतीपेक्षा बरीच आधी संपत होती, आणि दोन्ही कार्डं एकाच रंगाची असल्यामुळे ते चटकन लक्षातही येत नव्हतं. माझा आक्षेप त्या १८ बद्दल आहे. ते मी रोख मोजलेले पैसे आहेत. कार्ड विकलं की ती रक्कम हिशेबात दुकानाचं देणं म्हणून राहते, पुस्तक दिलं की ती विक्री होते. अशा अडकलेल्या किरकोळ शिलका कार्डाची मुदत संपली की बहुतेक ठिकाणी दुकानाच्याच खात्यात जमा होतात. म्हणून शिल्लक सहज वापरता येते की नाही, यावर मी दुकानाची नियत जोखते. कुठलंही पुस्तक बरोबर कार्डाच्या रकमेएवढं नसतं, त्यामुळे शिल्लक प्रत्येकाच्याच कार्डावर उरणार आहे.

इथपर्यंत लिहून एकच तारा देणार होते. पण नंतर भाचीने घरी येऊन पुढचं सांगितलं, आणि ते सांगायलाच हवं.

काउंटरवरच्या मुलाने तिला परत पाठवलं नाही. त्याने विचारलं, "आणखी एखादं पुस्तक घ्यायचं मनात आहे का? दोन बिलं करून देतो." तिच्या यादीत ४० चं एक पुस्तक होतंच. त्याचं वेगळं बिल केलं, त्यात १८ वळते करून २२ घेतले. ६५ च्या पुस्तकाचं दुसरं बिल केलं, ते ६० च्या वर असल्यामुळे बोनस लागलं आणि ४५ रोख दिले. मुख्य कार्ड शून्यावर आलं, बोनसही कारणी लागलं. त्याने पहिल्या बिलावरची शिल्लक शून्य दाखवणारी ओळ पेनाने अधोरेखित करून दिली. ही युक्ती लक्षात ठेवा: पुस्तकं दोन असतील तर बिलं दोन करून मागा, मात्र बोनसची किमान रक्कम एकाच बिलात भरली पाहिजे. एकच मोठा संच घ्यायचा असेल तर उपयोग नाही, कारण संच फोडून बिल करत नाहीत.

दुसरी तक्रार माझ्या दृष्टीने याहून गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पोस्टरवर पुस्तक भेट द्या म्हणायचं आणि कार्ड मात्र दुकानातल्या कुठल्याही वस्तूवर चालवायचं. आमच्या एका काकांनी त्यांच्या कार्डावर पेनांचा सेट आणि टेबलावरचा दिवा घेतला. काकांना मी काहीच म्हणणार नाही, त्यांना दिव्याची गरज असेल. पण मग मी रोख पाकीट का दिलं नाही? पुस्तकांपुरतं कार्ड ठेवणं अवघडही नाही. पुस्तकाच्या बारकोडखालचा आयएसबीएन ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो. पेनाचा, दिव्याचा तसा नसतो. बिल करणाऱ्या यंत्राला हा फरक ओळखता येतो. ही कल्पना नवीसुद्धा नाही: ब्रिटनमध्ये पुस्तकांची टोकनं १९३२ पासून आहेत, आणि ती एका दुकानात घेऊन दुसऱ्या पुस्तकाच्या दुकानात वापरता येतात. निदान घेणाऱ्याला "फक्त पुस्तकांसाठी" असं कार्ड मागता आलं पाहिजे. मी तरी तेच मागितलं असतं.

आवडलेली गोष्ट मात्र मनापासून आवडली. पाकिटात एक कोरी चिठ्ठी येते, देणाऱ्याने त्यावर दोन-तीन पुस्तकं सुचवायची. भाचीला मी तीन नावं लिहून दिली होती. तिने त्यातलं एकही घेतलं नाही. पहिलं पुस्तक चाळून परत ठेवलं, शेजारच्या फळीवरचं पक्ष्यांबद्दलचं जाडजूड पुस्तक उचललं, आणि ती आता मला पंखांवरून पक्षी ओळखायला शिकवते. मी स्वतः निवडून दिलं असतं तर ते पुस्तक तिच्या हाती कधीच पडलं नसतं. दिलेलं पुस्तक आधीच घरात असण्याचा प्रश्नही कार्डाने सुटतो. फक्त एक: बदलून घेतलं तर पैसे त्याच कार्डावर परत येतात आणि कार्डाची मुदत मूळचीच राहते, वाढत नाही.

तीन तारे देतेय. एक कापला तो बोनसच्या न छापलेल्या अटीसाठी, एक पेन-दिव्यासाठी. या सणालाही कार्डं घेणार आहे, पण काउंटर सोडण्यापूर्वी प्रत्येक कार्डाची शिल्लक यंत्रावर दाखवून घेणार. कार्ड काउंटरवर चालू केल्याशिवाय त्यावर काहीच नसतं, आणि गर्दीत एखादं कार्ड चालू करायचं राहून जाऊ शकतं. मग ज्याला भेट दिली त्याच्या हातात कोरं प्लास्टिक. शिवाय बोनस कार्डं पाकिटात न घालता स्वतःजवळ ठेवणार आणि मुदतीच्या आत स्वतःच वापरणार. भाचीला पूर्ण रकमेचं एकच कार्ड मिळेल, त्याची मुदत पाकिटावर मीच मोठ्या अक्षरात लिहीन.