डबा एकच ठेवायचा असेल तर: जाड पोहे की पातळ?

माझ्या स्वयंपाकघरात पोह्यांसाठी एकच डबा मावतो. बरीच वर्षं त्यात जाड पोहे होते, गेली चार वर्षं पातळ आहेत. तुमच्याकडे दोन डब्यांची जागा असेल तर दोन्ही ठेवा. पण एकच निवडायचा असेल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

सगळा फरक पाण्याचा आहे. जाड पोहा आधी बाहेरून ओला होतो, पाणी आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून तो धुवायचा आणि थांबायचं. आधी चाळून भुसा काढायचा, मग चाळणीत घेऊन वरून पाणी सोडत हलक्या हाताने खालीवर करायचं. पाणी निथळलं की मीठ, चिमूटभर साखर लावून झाकून दहा मिनिटं ठेवायचं. पाण्यात बुडवून ठेवले की बाहेरचा थर विरघळतो आणि कढईत गेल्यावर त्याचा गिच्च गोळा होतो. झाले की नाही हे बोटांनी कळतं: एक पोहा चिमटीत दाबला तर सहज चिरडला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये.

पातळ पोह्याला थांबण्याची गरज नसते, कारण पाणी क्षणात आरपार जातं. नळाखाली धरला तर लापशी होते. त्याला पाणी नको, ओलावा हवा. हाताने शिंपडलेलं पाणी चालतं, त्याहून चांगलं नारळाचं पाणी, आणि सगळ्यात चांगला कांद्याचा आणि ओल्या खोबऱ्याचा रस.

आता ज्या त्रासामुळे मी डबा बदलला तो सांगतो. जाड पोह्यांच्या प्रत्येक पिशवीचं पाणी वेगळं निघतं. एका पिशवीला दोनदा धुऊन सात-आठ मिनिटं पुरतात, पुढच्या महिन्याची पिशवी त्याच मापाने कचकचीत राहते, तिसरी तेवढ्यातच मऊ पडते. पोहे किती जाड दाबलेत, किती जुने आणि किती कोरडे आहेत, यावर ते ठरत असावं; पिशवीवर मात्र नुसतं 'जाड पोहे' लिहिलेलं असतं. म्हणजे नवी पिशवी फोडली की पहिले दोन नाश्ते अंदाज बांधण्यात जायचे. आमच्याकडे सकाळी एक जण साडेसहाला बाहेर पडतो, दुसरी आठला, आणि मी साडेनऊला. साडेसहाचे कांदेपोहे उत्तम जमले तरी साडेनऊला ते कोरडे पडून घशाला तोठरा बसायचा. पाण्याचा हबका मारून पुन्हा वाफ काढली की दाणा तेवढा मऊ व्हायचा, कांदा आणि कोथिंबीर मात्र मरगळलेली. रोज तीनदा करायचे तर धुणं, निथळणं, थांबणं हे तीनदा आलं. शेवटी मी कंटाळलो.

त्याच सुमारास कोकणातल्या एका नातेवाईक काकूंकडे दोन दिवस राहिलो आणि त्यांचे दडपे पोहे नीट पाहिले. दोन वाट्या पातळ पोह्यांना त्या अर्धी वाटी खवलेला ओला नारळ आणि एक मोठा कांदा घेतात, कांदा अगदी बारीक चिरलेला. आधी कांदा, नारळ, मीठ, साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस हाताने कालवायचा. कांद्याला पाणी सुटू लागलं की मगच पोहे घालायचे. वरून नारळाचं पाणी तीन-चार चमचे, एकदम न ओतता शिंपडत. मग ताट झाकून त्यावर खलबत्ता ठेवायचा आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. दडपायचं ते याचसाठी: वाफ न काढता ओल सगळीकडे सारखी पोचते. शेवटी मोहरी, हिंग, हळद, मिरची आणि शेंगदाण्यांची फोडणी वर घालून कालवायचं, आणि वाढताना पोह्याचा पापड चुरायचा.

मुठीत धरून पाहा. हलकी मूठ वळून लगेच सुटली तर झाले. पोहे अजून कुरकुरत असतील तर चमचाभर पाणी शिंपडून पाच मिनिटं पुन्हा दडपा. गोळा होत असेल तर मूठभर कोरडे पातळ पोहे मिसळून थांबा, ते जास्तीची ओल ओढून घेतात. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. गिच्च झालेल्या कांदेपोह्यांवर मला अजून असा उपाय सापडलेला नाही. साडेसहाला दडपलेले हे पोहे साडेनऊलाही, गरम न करता, चांगले लागतात. दुपारपर्यंत मात्र ठेवू नयेत; उन्हाळ्यात ओला नारळ आंबतो.

पातळ पोह्यांचं दुसरं हक्काचं ठिकाण चिवडा. आधी ऊन दाखवून किंवा अगदी मंद आचेवर हलवत कुरकुरीत करायचे, मगच फोडणीत घालायचे. आच वाढली की ते आकसतात आणि चिवडा पिशवीच्या तळातल्या चुऱ्यासारखा दिसतो. तळून करायच्या चिवड्याला मात्र जाडच हवेत, ते तेलात फुलतात. पातळ तळले तर तेल पितात.

जाड पोह्यांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दहीपोहे आणि गोपाळकाला यांत ते दह्यात मऊ होऊनही दाणा राखतात, पातळ तिथे पीठ होतात. कोकणातले कोळाचे पोहे, म्हणजे नारळाचं दूध, चिंचेचा कोळ आणि गूळ यांत भिजवलेले, हेही जाड पोह्यांचंच काम. गोव्यात नरक चतुर्दशीच्या सकाळी दुधातले, ताकातले, रोसातले असे फोव होतात. त्यांतल्या रसाच्या प्रकारांना मी तरी पातळ पोहे वापरणार नाही. नागपूरचे तर्री पोहे तर विचारूच नका. हरभऱ्याची झणझणीत तर्री वर पडल्यावर पातळ पोहा टिकायचाच नाही.

मग पाहुणे आले आणि कांदेपोहेच हवे असले तर? पातळ पोह्यांचेही होतात, थोडी पद्धत बदलून. धुवायचे नाहीत. परातीत पसरून चार बोटं पाण्यात बुडवून दोन-तीनदा शिंपडायचं आणि हाताने उलटायचं. कांदा पूर्ण शिजवून फोडणी तयार ठेवायची, पोहे घालून जेमतेम मिनिटभर परतायचं, झाकण ठेवून आच बंद. दाणा जाड पोह्यासारखा टपोरा येत नाही, हे खरं. पण खाणाऱ्याने परत मागून घेतलेले मी पाहिले आहेत. उलट, जाड पोह्यांचे दडपे पोहे मी दोनदा करून पाहिले. वीस मिनिटांत बाहेर मऊ आणि आत कणी, तासाभराने मऊ झाले तेव्हा कांदा उग्र झाला होता.

तुमच्या घरी सगळे एकाच वेळी गरम पोह्यांना बसत असतील, आठवड्यातून तीनदा कांदेपोहे होत असतील, तर जाड ठेवणंच बरं, बहुधा. माझ्यासारखी पांगलेली सकाळ असेल तर अर्धा किलो पातळ आणून पाहा. घेताना पिशवी हलवून तळाशी चुरा किती आहे ते बघा, आणि घरी आल्यावर एक पोहा बोटांत मोडा. टचकन मोडला तर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. वाकला तर आधी तासभर ऊन दाखवा.