इअरबड्स कनेक्टेड, पण आवाज नाही: आधी स्विच पाहायचे की पेअरिंग मोडायचं?

फोनवर इअरबड्सच्या नावाखाली ‘कनेक्टेड’ दिसतंय, बॅटरीची टक्केवारी दिसतेय, गाण्याची पट्टीही पुढे सरकतेय आणि कानात मात्र शुकशुकाट. अशा वेळी दोन उपाय हमखास सांगितले जातात. पहिला म्हणजे इअरबड्स फोनमधून ‘फरगेट’ करायचे आणि नव्याने जोडायचे. दुसरा म्हणजे ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या इअरबड्सच्या पानावर जाऊन मीडिया ऑडिओ आणि कॉल ऑडिओ हे दोन स्विच पाहायचे. मी दोन्ही वापरलेत आणि दोन्हींनी आवाज परत आलेला आहे. ब्लूटूथ बंद करून चालू करणं हा तिसरा उपाय सगळे आपोआपच करतात. तो चालला तर प्रश्नच मिटला, म्हणून त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. तो न चालल्यावर पुढे काय, एवढाच मुद्दा आहे.

दोन्ही उपायांनी गुण का येतो हे कळायला ‘कनेक्टेड’ या शब्दामागे काय आहे ते पाहावं लागतं. फोन आणि इअरबड्स यांच्यात एक मूळ जोडणी होते आणि तिच्यावर वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे मार्ग उघडतात. गाणी, व्हिडिओ यांचा स्टीरिओ आवाज जातो तो मार्ग ए-टू-डीपी. कॉलचं बोलणं आणि माइक यांचा मार्ग एचएफपी. अँड्रॉइडमधला मीडिया ऑडिओचा स्विच पहिल्या मार्गाचा आणि फोन कॉलचा स्विच दुसऱ्याचा. यातला एक मार्ग बंद असला तरी दुसऱ्याच्या जोरावर फोन खुशाल ‘कनेक्टेड’ म्हणतो. बॅटरीची टक्केवारी तर बऱ्याच इअरबड्समध्ये कॉलच्याच मार्गाने फोनला कळते. त्यामुळे टक्केवारी दिसतेय म्हणजे गाण्याचा मार्गही ठीक असणार, हा अंदाज धरता येत नाही.

फरगेट करून पुन्हा जोडलं की फोन जुनी ओळख पुसतो, दोघांनी एकमेकांना ओळखायची नवी गुप्त किल्ली तयार होते, इअरबड्सना काय काय जमतं याची यादी नव्याने मागवली जाते आणि सगळे स्विच आपल्या मूळ, म्हणजे चालू स्थितीत येतात. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. मुळात फक्त मीडिया ऑडिओचा स्विच बंद होता, तरी पेअरिंग मोडल्यावर तो आपोआप चालू होतो आणि पेअरिंगच बिघडलं होतं असं वाटून जातं. माझ्या पाहण्यात तरी पेअरिंगच्या नावावर खपलेल्या बऱ्याच दुरुस्त्या या अशा स्विचच्याच होत्या.

एक उदाहरण सांगतो. मावसभाऊ अशीच तक्रार घेऊन आला. गाणं चालू दिसतंय पण कानात काही नाही, आणि फोनच्या स्पीकरमधूनही काही नाही. स्पीकरही गप्प म्हटल्यावर इअरबड्सच गेले असं त्याने ठरवून टाकलं होतं. मी त्याला दोनच गोष्टी करायला सांगितल्या. आधी माझ्या फोनवरून त्याला कॉल केला. माझा आवाज त्याला इअरबड्समध्ये खणखणीत ऐकू आला. म्हणजे इअरबड्स, त्यांची बॅटरी, मूळ जोडणी आणि कॉलचा मार्ग सगळं ठाकठीक. मग गाणं चालू ठेवून फोनचं आवाजाचं बटण वर दाबत राहायला सांगितलं. गाणं फोनच्याच स्पीकरमधून वाजायला लागलं. अँड्रॉइड स्पीकरचा आवाज किती आणि ब्लूटूथचा किती हे वेगवेगळं लक्षात ठेवतो. त्याने कधीतरी स्पीकरचा मीडियाचा आवाज शून्यावर नेलेला होता. गाणं बिचारं स्पीकरकडेच जात होतं, फक्त तिथे ऐकू येत नव्हतं.

मग ब्लूटूथच्या यादीत इअरबड्सच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबलं. आत कॉलचा स्विच चालू, मीडियाचा बंद. काही दिवसांपूर्वी त्याला इअरबड्स कानात ठेवून, फक्त कॉलसाठी वापरायचे होते आणि व्हिडिओचा आवाज फोनवरून हवा होता, तेव्हा त्यानेच तो बंद केला होता. अँड्रॉइड ही निवड त्या उपकरणापुरती जपून ठेवतो. ब्लूटूथ बंद-चालू करा किंवा फोन रीस्टार्ट करा, ती तशीच राहते. स्विच चालू केला, गाण्याचं प्ले बटण पुन्हा दाबलं, आवाज कानात.

आत शिरण्याआधीच एक खूण मिळू शकते. काही फोनमध्ये नावाखालच्या ओळीत नुसतं कनेक्टेड न लिहिता पुढे no media किंवा no phone असं जोडलेलं असतं. पहिलं दिसलं तर गाण्याचा मार्ग बंद, दुसरं दिसलं तर कॉलचा. सगळेच फोन इतकं सांगत नाहीत, आणि स्विचची नावंही थोडी बदलतात: कुठे Media audio आणि Phone calls, कुठे नुसतं Audio आणि Calls.

स्विच चालूच दिसला तरीही हा उपाय लगेच सोडू नये असं मला वाटतं. तो बंद करून पुन्हा चालू केला की फोन फक्त तेवढा एक मार्ग तोडून नव्याने जोडायचा प्रयत्न करतो. मूळ जोडणी, किल्ली, बाकीच्या निवडी यांना धक्का लागत नाही. मार्ग उघडायच्या वेळी काही अडखळलं असेल तर एवढ्याने काम होतं. बंद करताना गाणं थांबतं, ते हाताने पुन्हा सुरू करायचं. नाहीतर स्विचने काही झालं नाही असं वाटतं आणि माणूस थेट फरगेटकडे वळतो.

आता पेअरिंग मोडण्याचा त्रास. इअरबड्स पेअरिंग मोडमध्ये टाकायला केसचं बटण किंवा दोन्ही बाजूंचा स्पर्श धरून ठेवायचा, त्यात जवळपास लॅपटॉप असला तर फोनच्या आधी त्यानेच ते पळवायचे, हे सगळं होतं. पण ते मला चालून जातं. मला न चालणारी गोष्ट वेगळीच आहे. मी कॉल ऑडिओचा स्विच मुद्दाम बंद ठेवतो. माझ्या इअरबड्सचा माइक वाऱ्यात आणि गर्दीत अगदीच सुमार आहे, त्यामुळे गाणी कानात आणि कॉल फोनवर ही माझी व्यवस्था. पुन्हा पेअर केलं की हा स्विच गुपचूप चालू होतो. लक्षात येतं ते पुढचा कॉल घेतल्यावर: फोन कानाला लावावा तर त्यातून आवाज नाही, बोलणं इअरबड्समधून सुरू झालेलं आणि पलीकडचा माणूस “तुझं काही कळत नाहीये” म्हणतोय. एक शांतता घालवायला जावं आणि दुसरी ओढवून घ्यावी, असा हा प्रकार. इअरबड्सना दिलेलं नाव, संपर्क वाचायची परवानगी, एचडी ऑडिओची निवड याही गोष्टी पुन्हा पाहाव्या लागतात, पण माझ्या मनात काटा झुकला तो या कॉलच्या स्विचमुळे. तुम्ही कॉल आणि गाणी दोन्ही इअरबड्सवरच ऐकत असाल तर हा त्रास तुम्हाला होणारच नाही, आणि मग दोन्ही उपायांत तुम्हाला फार फरक वाटू नये.

स्विचने भागत नाही अशाही वेळा आहेत. आवाज जातोय कुठे हे पाहिलं की त्या ओळखता येतात. गाणं फोनच्या स्पीकरमधून येत असेल तर स्विच पाहा. ते स्पीकरमधूनही येत नाही आणि आवाजाची पट्टी हलवताना पडद्यावर हेडफोनचं चिन्ह दिसतंय, तर फोन आपलं काम करतोय. आवाज इअरबड्सकडेच चाललाय. तेव्हा आधी मीडियाचा आवाज वर करा, आणि इअरबड्स एकाच वेळी दोन उपकरणांना जोडले जाणारे असतील तर लॅपटॉपचं ब्लूटूथ क्षणभर बंद करून पाहा. लॅपटॉपवर एखादी मीटिंग किंवा थांबवायचा राहिलेला व्हिडिओ इअरबड्सना धरून बसलेला असतो आणि फोनचा आवाज त्यांच्या दारात ताटकळतो. इथे फोनमधले स्विच कितीही दाबा, उपयोग नाही. पेअरिंग मोडूनही फरक पडला तर तो योगायोगाने.

पेअरिंग मोडणं खरोखर योग्य ठरतं ते त्या पानावर मीडियाचा स्विच बंद नव्हे, तर मुळात दिसतच नाही तेव्हा. काही इअरबड्स यादीत दोनदा उमटतात, त्यातल्या एका नावाआधी LE असं असतं. ती नोंद बहुधा इअरबड्सच्या ॲपशी बोलण्यापुरती असते. तिलाच जोडलं तर ‘कनेक्टेड’ दिसतं, पण गाण्याचा मार्ग तिच्यात नसतो. ती नोंद काढून दुसरी जोडायची. इअरबड्सचं फर्मवेअर अद्ययावत केल्यावर गडबड सुरू झाली असेल तरीही त्यांना काय जमतं याची जुनी यादी पुसून नवी मागवणं बरं.

आयफोनवाल्यांसाठी मात्र तराजू वेगळा आहे. तिथे असे दोन स्विच नसतातच. कंट्रोल सेंटरमध्ये आवाज कुठे पाठवायचा ते निवडता येतं, आणि कॉल कुठून ऐकायचा हे ॲक्सेसिबिलिटीमध्ये टचच्या पानावर Call Audio Routing मध्ये ठरवता येतं. त्या दोन जागा पाहून झाल्या की फरगेटशिवाय फारसं काही हाताशी उरत नाही.

अँड्रॉइडवर पेअरिंग मोडायचंच ठरलं तर आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, म्हणजे कोणता स्विच कसा होता ते पुढे सापडतं. लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद ठेवा, फोनमधून फरगेट करा, दोन्ही इअरबड्स केसमध्ये ठेवून त्यांच्या पद्धतीने पेअरिंग मोड लावा आणि जोडा. गाणं लावून खात्री केलीत की लगेच दातेरी चाकाच्या पानावर परत जा आणि कॉलचा स्विच हवा तसा करा, पुढचा कॉल यायच्या आत.