सिनेमॅटिक चौकट: २.३९ च्या पट्ट्या, २:१ की सरळ १६:९?

सिनेमासारखं दिसावं म्हणून १६:९ च्या व्हिडिओवर वर-खाली काळ्या पट्ट्या लावल्या की चित्र रुंद दिसतं, पण होतं ते बुटकं. १९५३ साली सिनेमास्कोप आलं तेव्हा खास लेन्स रुंद दृश्य आडवं दाबून फिल्मवर बसवायची आणि प्रोजेक्टर ते पुन्हा पसरवायचा, त्यामुळे बाजूंना खरोखर जास्त दिसायचं. पट्ट्यांनी बाजूला काहीच वाढत नाही, वरचं आणि खालचं तेवढं जातं. कॅमेरा जागचा हलला नाही तरी माणूस जवळ आल्यासारखा वाटतो आणि मोकळा मिड शॉट एकदम आवळला जातो.

किती जातं ते पाहा. १९२० × १०८० च्या चित्रावर २.३९:१ साठी वर-खाली प्रत्येकी १३८ पिक्सेलची पट्टी येते आणि उंची ८०४ उरते, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा गेला. २:१ घेतलं तर पट्टी फक्त ६० ची असते आणि उंची ९६० उरते.

समोरासमोर बसलेली दोन माणसं, क्षितिज, आडवी जाणारी गाडी, अशा दृश्यांत वरचं आभाळ आणि खालची जमीन बहुतेक वेळा रिकामीच असते. तिथे २.३९ शोभतं, नजर आडवी फिरते आणि नको ते झाकलं जातं. उभ्या माणसाचा पूर्ण शॉट, जिना, उडी, उंच दार यांचा अर्थच उंचीत असतो. तिथे मी १६:९ सोडणार नाही.

खरी अडचण या दोन्हींच्या मधल्या शॉट्समध्ये येते. समजा १६:९ साठी घेतलेली एक मुलाखत आहे. बोलणाऱ्याच्या डोक्याचा माथा वरून ९० व्या पिक्सेलवर आहे आणि बोलताना हलणारे हात ९०० पर्यंत येतात. २.३९ मध्ये १३८ ते ९४२ एवढाच भाग दिसतो, म्हणजे केस कापले जातात. पहिला उपाय सोपा आहे: पट्ट्या जागेवर ठेवून त्यांच्यामागचं चित्र वर किंवा खाली सरकवायचं. १३८ पिक्सेलपर्यंत सरकवलं तर कडा उघडी पडत नाही. ते ९० नं खाली आणलं की मूळ चित्राचा ४८ ते ८५२ हा भाग दिसतो. माथ्यावर ४२ पिक्सेल जागा मिळाली, पण आता हात गेले. आणखी सरकवून उपयोग नाही, कारण माथ्यापासून हातांपर्यंतचं अंतर ८१० आहे आणि खिडकी ८०४ ची. शिवाय माथ्याला चिकटून पट्टी चालणार नाही, थोडी हवा लागतेच. म्हणून मी आधी हे अंतर मोजतो. ते खिडकीपेक्षा मोठं निघालं तर त्या शॉटपुरतं उत्तर ‘नाही’ असतं. याच शॉटला २:१ मात्र छान बसतं. चित्र २० पिक्सेल खाली सरकवलं की ४० ते १००० दिसतं, माथ्यावर ५० आणि हातांखाली १०० मोकळे राहतात. अशा चार-दोन महत्त्वाच्या शॉट्समुळे अख्खी फिल्म २:१ मध्ये न्यावी लागली तरी ती माझ्या मते योग्य किंमत आहे. शॉटगणिक चौकट बदलण्यापेक्षा ते बरं.

अगदी जवळच्या क्लोज-अपमध्ये नियम वेगळा आहे. तिथे कपाळाचा वरचा भाग कापला तरी चेहरा टिकतो, हनुवटी कापली तर टिकत नाही. म्हणून चित्र वर सरकवून हनुवटी वाचवा. पट्टीची कड बरोबर घोट्यावर, गुडघ्यावर किंवा मनगटावर पडत असेल तर तो भाग तुटल्यासारखा दिसतो, म्हणून तीही थोडी वर-खाली करावी लागते.

शूटिंग अजून व्हायचं असेल तर हा सगळा खटाटोप टळतो. कॅमेऱ्यात २.३९ चे फ्रेम मार्कर असतील तर लावा. नसतील तर मॉनिटरवर दिसणाऱ्या चित्राच्या वरच्या आणि खालच्या आठव्या हिश्शावर टेप चिकटवा, अंदाज जवळजवळ अचूक येतो. मग हेडरूम टेपपासून मोजायची आणि गरज पडली तर कॅमेरा पाऊलभर मागे घ्यायचा. अशा तयारीनं कापलेली चौकट कुठेच उणी वाटत नाही. सुपर ३५ फिल्मवरही उंच निगेटिव्हमधून रुंद चौकट अशीच, आधी खुणा करून, काढली जायची.

राहिला फाइलचा प्रश्न. पट्ट्या चित्रातच भाजून १९२० × १०८० ची फाइल काढली, तर २१:९ च्या रुंद मॉनिटरवर चारही बाजूंना काळं दिसतं आणि मधे छोटं चित्र तरंगतं. टाइमलाइनच १९२० × ८०४ ची केली तर त्याच मॉनिटरवर चित्र जवळजवळ पूर्ण पडदा भरतं आणि १६:९ च्या टीव्हीवर प्लेअर पट्ट्या आपोआप घालतो. मी हाच मार्ग निवडतो. फक्त जिथे द्यायचं तिथे नेमकी १०८० उंचीच मागितली असेल, तर पट्ट्या भाजाव्या लागतात. डाविंची रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी Output Blanking आहे. नावं आणि सबटायटल्स मात्र कुठे बसतात ते पट्ट्या लावल्यावरच तपासा. १६:९ साठी खाली ठेवलेली नावाची पाटी ९४२ च्या खाली असेल, तर ती पट्टीवर चढून बसते किंवा तिच्याआड जाते.