रुंद पायाला ऑनलाइन बूट: पावसाळा काढल्यानंतर कोणते रिव्ह्यू खरे ठरले

मे महिन्याच्या शेवटी चालण्यासाठी ऑनलाइन बूट मागवले. तेव्हापासून सकाळी रंकाळ्याची फेरी, अधूनमधून रविवारी पन्हाळा, आणि मधला अख्खा पावसाळा यांच्यावरच काढला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मॉडेल दरवर्षी बदलतं. बूट कसे निघाले हे सांगतोच, पण खरेदीआधी वाचलेल्या रिव्ह्यूंपैकी कोणते कामाला आले आणि कोणते नुसते टाळ्या वाजवणारे होते, ते जास्त सविस्तर सांगतो.

आधी पायाचं माप, कारण ते हातात नसेल तर साइझवरच्या कमेंट वाचून उपयोग नाही. संध्याकाळी, दिवसभर वावरून पाय थोडे फुगलेले असताना, मोजे घालून भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं. बसून मोजू नये. अंगाचा भार पडल्यावर पाय लांबही होतो आणि पसरतोही. सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करायची (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं) आणि चवड्याची रुंदी अंगठ्याच्या मुळाजवळच्या हाडापासून करंगळीच्या मुळाजवळच्या हाडापर्यंत घ्यायची. माझा उजवा पाय २६.२ सेंटिमीटर लांब आणि १०.४ रुंद, डावा किंचित लहान. माप मोठ्या पायाचंच धरायचं. चवडा रुंद आहे हे मला दुकानात बूट घालून बघतानाच कळायचं, आता आकडा मिळाला.

मी बघत होतो त्या मॉडेलला भरपूर रिव्ह्यू होते आणि सरासरी चांगली चारच्या वर. पण साइझचं बघायला गेलं की डोकं गरगरायचं. एक म्हणतो, ‘एक नंबर मोठा घ्या, घट्ट आहे.’ त्याच्याच खाली दुसरा म्हणतो, ‘अघळपघळ आहे, एक नंबर लहान घ्या.’ तिसरा, ‘परफेक्ट फिट, मस्त प्रॉडक्ट.’ अशा वेळी बहुतेक जण सरासरी काढतात किंवा साइझचा नाद सोडून नेहमीचा नंबर मागवतात.

यातला ‘परफेक्ट फिट’वाला पहिला बाजूला काढला. खोटा असेलच असं नाही, पण त्यातून काही कळत नाही. कोणाच्या पायाला परफेक्ट, कोणता नंबर, आधी काय घालत होता? साइझच्या कमेंटमध्ये मी तीन गोष्टी शोधतो. लिहिणाऱ्याच्या पायाचं माप किंवा तो दुसऱ्या बुटात घालतो तो नंबर, बूट नेमका कुठे दाबतो, आणि किती वापरल्यावर लिहिलं आहे. तिन्ही असलेली कमेंट शंभरात दोन-चार मिळतात, पण तेवढ्या पुरतात.

मला मिळालेल्या अशा एका कमेंटचा आशय असा होता: पाय २६ सेंटिमीटर, रुंद, बाकी सगळ्या बुटांत यूके ८, यातला ८ लांबीला बरोबर बसतो पण करंगळीजवळ दाबतो, बदलून ९ घेतला तर टाच सुटते. तीन-चार ओळींत त्या माणसाने सगळा प्रश्न सोडवून दिला होता. बूट लहान नव्हता, अरुंद होता. ‘एक नंबर मोठा घ्या’ म्हणणारे हे दोन्ही एकत्र करतात.

यूकेच्या मोजणीत एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर लांबीचा. पण तेवढ्याने चवड्याचा घेर जेमतेम ५-६ मिलिमीटरने वाढतो आणि पायाच्या आडव्या मापात ते दोनेक मिलिमीटरच मिळतात. म्हणजे करंगळीला दोन मिलिमीटर जागा मिळावी म्हणून पुढे बोटांसमोर ८.५ मिलिमीटर रिकामी जागा विकत घ्यायची. मग टाच वर-खाली होते आणि उतारावर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात. पन्हाळा उतरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. हा त्रास आपल्याकडे घरोघरी आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, त्यात भारतीय पाय पुढून रुंद असल्याचं आणि त्यामुळे लोक गरजेपेक्षा लांब बूट घालत असल्याचंच आढळलं. म्हणून भारतीय ग्राहक ‘मोठा घ्या’ म्हणाला की मी आधी विचारतो, लांबीसाठी की रुंदीसाठी?

आता ‘अघळपघळ’ म्हणणाऱ्यांचं काय? हे कोडं सुटलं रिव्ह्यूच्या वर बारीक अक्षरांत येणाऱ्या ओळीमुळे. तिथे घेतलेला नंबर, रंग आणि प्रकार लिहिलेला असतो. या मॉडेलचे दोन प्रकार होते, नेहमीचा आणि ‘वाइड’. पुरुषांच्या बुटांत नेहमीची रुंदी डी आणि ‘वाइड’ म्हणजे २ई. पान मात्र दोघांचं एकच, आणि रिव्ह्यूही एकाच ढिगात. ‘अघळपघळ’वाल्या कमेंटच्या वरची ओळ वाचत गेलो तर जवळजवळ सगळे २ई घेतलेले, आणि ‘घट्ट’वाले सगळे डी. कोणीच खोटं बोलत नव्हतं. दोन वेगवेगळे बूट एकाच नावाखाली घालून लोक एकमेकांना खोडत होते.

एक काळजी आणखी. नंबर लिहिला असला तरी कोणत्या देशाचा ते बघावं. परदेशी ग्राहकांचे रिव्ह्यूही त्याच पानावर येतात, आणि अमेरिकेतला माणूस ‘मी ९ घालतो’ म्हणतो तेव्हा तो साधारण आपला ८ असतो. त्यात कंपनीगणिक अर्ध्या नंबरचा घोळ. नायकीचा यूके ८ म्हणजे अमेरिकी ९ आणि लेबलवर २७ सेंटिमीटर. आदिदासचा यूके ८ म्हणजे अमेरिकी ८.५ आणि २६.५ सेंटिमीटर. त्यामुळे ‘मी नेहमी ८ घालतो’ ही तुलना कोणत्या कंपनीच्या ८ शी, हे कळल्याशिवाय अर्धीच. बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवरचा सेंटिमीटरचा आकडा हा त्यातल्या त्यात भरवशाचा.

मी २ईमधला यूके ८ मागवला. पायाच्या २६.२ ला लेबलवर २७ होतं.

खोट्या कौतुकाचं जवळून दर्शन घरातच झालं. बूट आले त्या दिवशी शेजारचा मुलगा आला होता. त्यानेही त्याच आठवड्यात दुसरीकडून स्पोर्ट्स शूज मागवले होते.

‘काका, मी तर पाच स्टार देऊन टाकले. बॉक्समध्ये कार्ड होतं, स्क्रीनशॉट पाठवला की शंभर रुपये.’

‘बूट घालून बघितलास का?’

‘नाही अजून. कॉलेज सुरू झाल्यावर काढणार आहे.’

कार्ड बघितलं. व्हॉट्सॲपचा नंबर, पाच तारे, आणि खाली ‘फोटोसह रिव्ह्यूला जास्त’. त्याच्या रिव्ह्यूवर ‘व्हेरिफाइड’चा शिक्का आहे आणि तो शिक्का खराच आहे, कारण त्याने खरेदी केली होती. शिक्का एवढंच सांगतो. पैसे घेऊन लिहिलं का, बूट पायात गेला का, हे नाही. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंदी आहे आणि २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही काढलं, पण ते ऐच्छिक आहे. बॉक्समधल्या कार्डापर्यंत त्याचा हात पोचताना मला तरी दिसलेला नाही.

हे कळल्यावर कार्डवाले रिव्ह्यू ओळखू यायला लागतात. फोटोत बूट बॉक्सशेजारी, नवाकोरा, सोलवर धुळीचा कण नाही. मजकुरात मॉडेलचं पूर्ण लांबलचक नाव, जे कोणी बोलताना घेत नाही. ‘चालायला, पळायला, ऑफिसला, लग्नाला, सगळ्याला उत्तम.’ डिलिव्हरीच्या दिवशीच ‘टिकाऊ आहे’ म्हणून निकाल. आणि तारखा: ‘नवीन आधी’ असं लावून खाली जात राहिलं की आठवडे शांतता आणि मग दोन-तीन दिवसांत पाच ताऱ्यांचा पाऊस दिसतो. एखादी खूण खऱ्या उत्साही माणसाच्या लिहिण्यातही सापडते, त्यामुळे एकीवरून कोणाला खोटं ठरवू नये. तीन-चार एकत्र दिसल्या की मी सरळ पुढे जातो. त्यापेक्षा तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचावेत. तिथे माणसाला बूट ठेवायचा असतो आणि तक्रारही असते, म्हणून तो नीट लिहितो.

तक्रारींच्या संख्येवरही फार जाऊ नये. ज्याला बूट बसला तो चालायला लागतो, लिहीत नाही. परत करावा लागला तो लिहितो. म्हणून ‘किती जण घट्ट म्हणाले’ यापेक्षा एकाच प्रकारात, एकाच नंबराला, सगळे एकाच जागी दाबतं म्हणतात का, हे बघायचं. डीमध्ये सगळे करंगळी म्हणत होते. तीच खरी बातमी.

आता बुटांचा हिशेब. रुंदी पहिल्या दिवसापासून बरोबर, करंगळीला एकदाही त्रास नाही. टाच मात्र थोडी सैल. हेही एका २ईवाल्याने लिहिलं होतं, उपायासकट: घोट्याजवळच्या शेवटच्या जादा भोकातून लेस त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करायचा आणि समोरची लेस त्यातून ओवून ओढायची. तेव्हापासून उतारावरही टाच हलत नाही.

‘ढगावर चालल्यासारखं’ हे कौतुक ऑगस्टपर्यंत टिकलं. नंतर फोम दबला. वाईट नाही, पण नवेपणीचा मऊपणा गेला. ‘पावसात बिनधास्त’ लिहिणाऱ्यांनी कोल्हापूरचा जुलै पाहिलेला नसावा. वरची जाळी पहिल्याच सरीत भिजते आणि या हवेत रात्रभरात वाळत नाही. इनसोल काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावे लागले. सोल टाचेच्या बाहेरच्या कडेने झिजतोय. चार महिन्यांनी परत येऊन रिव्ह्यूत भर घालणाऱ्या एका बाईंनी अगदी हेच लिहिलं होतं, फोटोसह, आणि त्या फोटोतली झीज माझ्या बुटावर आता तशीच दिसते.

मी माझा रिव्ह्यू दिवाळीनंतर टाकला. पायाची लांबी-रुंदी, २ई, यूके ८, टाच सैल, लेसचा उपाय, पावसाचं आणि झिजेचं. चार तारे.

हाच जोड पुन्हा घ्यावा म्हणून परवा पान उघडलं तर मॉडेलची पुढची आवृत्ती आली आहे. पान तेच, तारे तेच, जुने रिव्ह्यूही तसेच खाली. वरची जाळी फोटोत वेगळी दिसते, म्हणजे आतला साचाही बदललेला असू शकतो. नवीन आवृत्ती आल्यानंतरच्या तारखेचे, २ई घेतलेल्यांचे, मापासकट लिहिलेले रिव्ह्यू अजून एकही नाही. तोवर चप्पल लाइनच्या मोचीकडून या जुन्या जोडाची टाच भरून घेतली आहे.